उत्तर नसलेला शब्द

समजा, आजच्या वर्डलमध्ये तुम्ही पहिल्या ओळीत TRAIN टाकलंत. T आणि A पिवळे झाले, बाकी तिन्ही राखाडी. दुसऱ्या ओळीत YACHT. A हिरवा, C, H आणि T पिवळे, Y राखाडी. आता A दुसऱ्या जागी पक्का बसलाय, आणि T, C, H शब्दात आहेत पण जिथे टाकले तिथे नाहीत. चार घरांत ही तीन अक्षरं फिरवून बघा. इंग्रजीत जमण्यासारखी एकच मांडणी उरते: _ATCH. पहिलं घर रिकामं, बाकी सगळं ठरलेलं.

दोन ओळींत इथवर आलात म्हणजे गड जवळपास सर झाला, असं वाटतं. बहुतेक लोक लगेच MATCH टाइप करतात.

थांबा. या रिकाम्या घरात काय काय बसतं? BATCH, CATCH, HATCH, LATCH, MATCH, PATCH, WATCH. सात शब्द. हातात ओळी आहेत चार. एकेक टाकत गेलात तर सातपैकी तीन वेळा तुम्ही हरणार. शब्दांची निवड कितीही डोकं लावून करा, क्रम कसाही लावा, सातपैकी तीन. कारण MATCH टाकल्यावर खेळ तुम्हाला दोनच गोष्टी सांगू शकतो: ‘हो, MATCH’ किंवा ‘नाही, उरलेल्या सहांपैकी काहीतरी’. चार अक्षरं पुन्हा हिरवी होतात, छान दिसतात, पण ती हिरवी असणार हे तुम्हाला आधीच माहीत होतं. माहीत असलेली गोष्ट तुम्ही पुन्हा विचारलीत आणि तिच्यासाठी एक ओळ खर्च केलीत.

आता त्याऐवजी CLAMP टाका. हे उत्तर नाही, हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. A चुकीच्या जागी आहे, T आणि H तर नाहीतच. तरी टाका. उत्तर LATCH असेल तर L पिवळा होईल. MATCH असेल तर M, PATCH असेल तर P. आणि यातली सगळ्यात गोड गंमत C ची आहे. C तर सातही शब्दांत आहे, मग त्याचा काय उपयोग? उपयोग असा की CLAMP मध्ये तो पहिल्या घरात आहे. उत्तर CATCH असेल तरच तो हिरवा होतो, एरवी पिवळा. एका ओळीत चार शब्द सुटे झाले. L, M, P यांतलं काहीच पेटलं नाही आणि C पिवळाच राहिला, तर उरतात BATCH, HATCH, WATCH हे तीन, आणि तुमच्याकडे अजून तीन ओळी आहेत. म्हणजे हरणं अशक्य.

आधी सातात तीन वेळा हार. आता शून्य. दोन्ही वेळा शब्द तेच आणि ओळीही तेवढ्याच. फरक इतकाच, की पहिल्या खेळाडूने तिसऱ्या ओळीत उत्तर दिलं आणि दुसऱ्याने प्रश्न विचारला.

वर्डलबद्दल माझं जे काही म्हणणं आहे ते या एका ओळीभोवती आहे. हा खेळ प्रश्न विचारण्याचा आहे, पण तो स्वतःला उत्तर देण्याचा खेळ म्हणून सादर करतो. प्रत्येक ओळीत एक पूर्ण शब्द लिहावा लागतो, आणि शब्द लिहिला की आपल्याला वाटतं आपण काहीतरी दावा केला. चूक निघालेला दावा मनाला लागतो. त्यामुळे मुद्दाम चुकीचा शब्द लिहायला हात धजावत नाही.

प्रश्न चांगला की वाईट हे कसं ठरवायचं? बाजारात भाजीचे वाटे लावलेले असतात ते डोळ्यांसमोर आणा. उरलेले सगळे संभाव्य शब्द म्हणजे एक मोठा ढीग. तुम्ही एक शब्द टाकता. ढिगातला प्रत्येक शब्द ‘उत्तर मी असतो तर तुला अमुक रंग दिसले असते’ असं सांगतो. ज्यांचे रंग सारखे, ते एका वाट्यात. खरे रंग दिसले की एक वाटा तुमच्या हाती येतो, बाकीचे उचलून फेकायचे. MATCH ने सात शब्दांचे दोन वाटे केले: एक शब्दाचा आणि सहा शब्दांचा. CLAMP ने पाच केले: एक, एक, एक, एक आणि तीन. कोणता वाटा हाती येणार हे तुमच्या हातात नाही, पण वाटे कसे पाडायचे हे पूर्णपणे तुमच्या हातात आहे. म्हणून वाटे जितके जास्त आणि जितके सारखे, तितकं बरं. एखादा वाटा अवाढव्य असेल तर बहुतेक वेळा तोच गळ्यात पडतो, कारण उत्तर त्यात असण्याची शक्यताच जास्त असते.

ही कल्पना वर्डलपेक्षा बरीच जुनी आहे. १९७० च्या आसपास मोर्देकाई मेइरोविट्झ या इस्रायली गृहस्थाने मास्टरमाइंड नावाचा खेळ बनवला. सहा रंगांच्या खुंट्या, त्यातल्या चार लपवायच्या, समोरच्याने ओळखायच्या. एकूण १२९६ शक्यता. संगणकशास्त्रातले पितामह डोनाल्ड नुथ यांनी १९७७ मध्ये एक छोटा लेख लिहून दाखवलं, की कोणतीही मांडणी जास्तीत जास्त पाच अंदाजांत हमखास सापडते. त्यांचा नियम सरळ होता: प्रत्येक वेळी असा अंदाज निवडा की सगळ्यात मोठा वाटा जमेल तितका लहान होईल. आणि त्यांच्या पद्धतीतही काही ठिकाणी असा अंदाज येतो जो उत्तर असूच शकत नाही. CLAMP चा थोरला भाऊच म्हणा.

वर्डल आला २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये. जॉश वॉर्डल हा ब्रुकलिनमध्ये राहणारा सॉफ्टवेअर इंजिनियर. त्याने हा खेळ त्याची जोडीदार पलक शाह हिच्यासाठी बनवला होता. नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला ९० जण खेळत होते, जानेवारीत लाखो, आणि त्याच महिन्याच्या शेवटी न्यूयॉर्क टाइम्सने तो विकत घेतला. लगोलग माझ्यासारख्यांची, म्हणजे ज्यांना कुठलाही खेळ दिसला की त्याचा प्रोग्राम लिहावासा वाटतो अशांची, झुंबड उडाली. मूळ खेळाची उत्तरांची यादी ब्राउझरमध्येच उघडी पडलेली होती: २३१५ शब्द. अंदाज म्हणून चालणारे शब्द मात्र १२,९७२. मग सगळ्यांनी एकच प्रश्न धरून बसायचं ठरवलं: पहिला शब्द कोणता टाकावा?

RAISE टाकलात तर २३१५ शब्दांच्या ढिगातून सरासरी ६१ उरतात. सगळ्यात वाईट वाटा १६८ शब्दांचा. हे उत्तमच आहे. ग्रँट सँडरसन यांनी त्यांच्या थ्रीब्लूवनब्राउन या चॅनेलवर २०२२ च्या फेब्रुवारीत यावर एक व्हिडिओ केला. त्यात वाट्यांचा सारखेपणा त्यांनी ‘बिट’ मध्ये मोजला. एक बिट माहिती म्हणजे ढीग अर्धा होणं, दोन बिट म्हणजे पाव. आपल्या उदाहरणात CLAMP साधारण २.१ बिट देतो, MATCH ०.६. आकडा समजला नाही तरी चालेल, अंतर बघा. व्हिडिओत CRANE हा शब्द पहिला आला आणि जगभर लोक CRANE टाकू लागले. काही दिवसांनी त्यांनी दुसरा व्हिडिओ टाकला: एकच अक्षर दोनदा आलेल्या शब्दांना रंग देताना प्रोग्राममध्ये बारीक चूक राहिली होती.

त्या चुकीकडे जरा थांबून बघण्यासारखं आहे, कारण माणसंही तिथेच अडखळतात. उत्तर MATCH आहे आणि तुम्ही CATCH टाकलं. चौथ्या घरातला C हिरवा. पहिल्या घरातला C? अनेकांना वाटतं पिवळा, कारण C शब्दात आहे ना! पण उत्तरात C एकच आहे आणि तो चौथ्या घराने वापरून टाकला. म्हणून पहिला C राखाडी. राखाडीचा अर्थ ‘हे अक्षर शब्दात नाही’ असा नेहमीच नसतो; कधी कधी ‘आता आणखी नाही’ असा असतो. प्रोग्राम लिहिताना आधी सगळे हिरवे देऊन टाकायचे, वापरलेली अक्षरं बाजूला काढायची, आणि उरलेल्यांतून पिवळे द्यायचे, हा क्रम पाळला नाही तर वाटे चुकीचे पडतात. आणि एकेका शब्दाची किंमत अशी थोडी थोडी हलली की पहिला क्रमांकही बदलतो.

चूक दुरुस्त झाल्यावर आणि केवळ एका ओळीपुरतं नाही तर शेवटपर्यंतचा सगळा खेळ मोजल्यावर वर आला SALET. हे पंधराव्या शतकातलं एक शिरस्त्राण. खेळ हा शब्द अंदाज म्हणून स्वीकारतो, पण उत्तरांच्या मूळ यादीत तो नव्हता. म्हणजे सगळ्यात चांगला पहिला शब्द हासुद्धा उत्तर नसलेला शब्द! SALET ने सुरुवात करून पुढे कुठेही न चुकता खेळलं तर सरासरी ३.४२१ ओळी लागतात. यापेक्षा चांगलं शक्य नाही, हे सगळ्या शक्यता तपासून सिद्ध झालंय.

पण इथे एक गोष्ट खटकायला हवी. एका ओळीपुरता विचार केला तर SALET पेक्षा RAISE चे वाटे जास्त सारखे पडतात. मग शेवटी SALET का जिंकतो? कारण वाट्यात किती शब्द आहेत हे मोजणारा आकडा, त्यात कोणते शब्द आहेत ते बघत नाही. दहा शब्दांचा एक वाटा असा असू शकतो की त्यातल्या प्रत्येक शब्दाचं तोंड वेगळ्या दिशेला आहे. पुढच्या एका शब्दात तो सगळा सुटा होतो. आणि सात शब्दांचा दुसरा वाटा आपल्या _ATCH सारखा असतो. मोजणीत सात दहापेक्षा बरा. खेळताना तोच घात करतो. सारखे वाटे पाडा हा नियम म्हणून फार उपयोगी आहे, पण तो जवळचं बघणारा नियम आहे. नुथ यांच्या नियमाचंही तेच झालं: कमाल पाच अंदाजांची हमी त्याने दिली, पण सरासरीत त्याच्याहून थोडी चांगली पद्धत पुढे निघालीच.

आता माझी तक्रार. पहिल्या शब्दावर जितकी शाई, वीज आणि व्हिडिओ खर्च झाले, त्याच्या शतांशही तिसऱ्या ओळीवर झाले नाहीत. अव्वल पाचसहा पहिल्या शब्दांमधला फरक २३१५ खेळांमध्ये मिळून दहाबारा ओळींचा आहे. सहा वर्षांहून जास्त काळ रोज खेळायचं, एकदाही न चुकता, आणि शेवटी दहा ओळी वाचवायच्या! उलट तिसऱ्या ओळीत MATCH की CLAMP या एका निर्णयावर सातात तीन पराभव अवलंबून असतात. ऑफिसात चहाच्या वेळी SLATE बरा की CRANE यावर भांडणारे मित्र मला माहीत आहेत. त्यांच्यातला कुणीही तिसऱ्या ओळीत CLAMP टाकत नाही.

तिसऱ्या ओळीत काय करायचं ते अवघड नाही. आधी सापळा ओळखायचा. उरलेले शब्द एकाच घरात वेगळे असतील आणि त्यांची संख्या उरलेल्या ओळींच्या जवळपास किंवा जास्त असेल, तर तुम्ही सापळ्यात आहात. हिरवे जितके जास्त तितका धोका जास्त, हे मनाला पटायला वेळ लागतो. मग फक्त वेगळी अक्षरं कागदावर लिहायची: B, C, H, L, M, P, W. यांतली जमतील तितकी कोंबलेला कुठलाही शब्द शोधायचा. CLAMP नाही सुचला तर CLIMB चालेल: L, M, B आणि पहिल्या घरातला C. BLIMP ही चालेल. तिन्ही पाचपाच वाटे पाडतात. माहीत असलेली अक्षरं त्या शब्दात असण्याची काहीच गरज नाही, किंबहुना ती जागाच अडवतात.

CLAMP नंतर BATCH, HATCH, WATCH हे तीन उरले तर? इथे दोन रस्ते आहेत. एकेक करून टाका: पहिल्या, दुसऱ्या किंवा तिसऱ्या फटक्यात सुटेल. किंवा BLOWN टाका: B हिरवा झाला तर BATCH, W पिवळा झाला तर WATCH, दोन्ही राखाडी तर HATCH, आणि पुढच्या ओळीत उत्तर. पहिल्या रस्त्याने एक, दोन किंवा तीन फटके, दुसऱ्याने नेहमी दोनच. सरासरी दोन्हीकडे दोन! गणिताला दोन्ही सारखे. ओळी तीन असतील तर मनाला येईल ते करा. लवकर सुटण्याची हौस असेल तर जुगार खेळा. पण ओळी दोनच उरल्या असतील तर BLOWN ने नक्की जिंकता, आणि एकेक टाकण्यात तीनातून एकदा हरता. म्हणजे ‘सगळ्यात चांगला अंदाज’ हा शब्दांच्या ढिगावर जसा अवलंबून, तसाच किती ओळी शिल्लक आहेत यावरही. कुठलीही ‘टॉप टेन शब्द’ छापाची यादी हे सांगू शकत नाही.

हार्ड मोड चालू असेल तर मात्र CLAMP आणि BLOWN दोन्ही बाद. तिथे नियमच असा की मिळालेले हिरवे जागच्या जागी आणि पिवळे कुठेतरी वापरायलाच हवेत. एकदा _ATCH मध्ये शिरलात की बाहेर यायला दार नाही. सातात तीन पराभव, नशीब म्हणून गप्प बसायचं. ज्यांना वाटतं हार्ड मोड म्हणजे फक्त जरा जास्त शिस्त, त्यांनी हे लक्षात घ्यावं: तिथे खेळ दुसऱ्या ओळीतच हरला जातो. TRAIN नंतर YACHT ऐवजी METAL टाकला असता तर M आणि L तिथेच तपासून झाले असते. हार्ड मोडमध्ये हिरव्यांच्या मागे धावणं हा दुर्गुण आहे.

खेळाची बाहेरून दिसणारी बाजू मात्र हाच दुर्गुण जोपासते. व्हॉट्सअॅपवर टाकायची ती रंगीत चौकटींची जाळी डिसेंबर २०२१ मध्ये आली आणि खेळ पसरायला तीच मुख्यतः कारणीभूत झाली. डिझाइन म्हणून ती अप्रतिम आहे: एकही अक्षर न दाखवता सगळी गोष्ट सांगते. पण ती गोष्ट चढत्या भाजणीची असावी अशी आपली अपेक्षा असते. आधी राखाडी, मग पिवळा, मग हिरवा. YACHT च्या ओळीत एक हिरवा, तीन पिवळे. त्याखाली CLAMP ची ओळ: दोन पिवळे, तीन राखाडी. बघणाऱ्याला वाटतं, याचं काय बिनसलं? आमच्या चुलत भावंडांच्या ग्रुपवर अशा ओळीवर हमखास कुणीतरी ‘झोपेत खेळलास का’ विचारतं. ती खालची ओळ खेळातली सगळ्यात विचारी ओळ होती, हे जाळीत दिसायची सोयच नाही.

न्यूयॉर्क टाइम्सला बहुधा ही उणीव जाणवली असावी. एप्रिल २०२२ मध्ये त्यांनी वर्डलबॉट आणला. तो तुमचा खेळ ओळीओळीने वाचतो आणि प्रत्येक अंदाजाला दोन गुण देतो: कौशल्याचा आणि नशिबाचा. समीक्षक म्हणून मला हा बॉट आवडतो. निकाल आणि निर्णय यांना वेगळं काढणं हे फार थोड्यांना जमतं. तुम्ही MATCH टाकलंत आणि ते बरोबर निघालं, तर तो नशिबाचे गुण भरभरून देईल आणि कौशल्याचे कापेल. तीन ओळींत सुटलेल्या खेळाबद्दल बोलणी खायला मिळणं लागतं थोडं, पण ते न्याय्य आहे.

माझं त्याच्याशी वाजतं ते यादीवरून. वाटे पाडायचे तर आधी ढीग ठरलेला हवा. कुणाचा ढीग? पाच अक्षरांचे साधारण १२,००० इंग्रजी शब्द पलक शाह यांनी एकेक बघून ओळखीचे तेवढे ठेवले आणि त्यातून उत्तरांची यादी झाली. म्हणजे २३१५ हा इंग्रजी भाषेचा आकडा नाही, एका माणसाच्या शब्दओळखीचा आहे. मला ही गोष्ट लोभसवाणी वाटते. पण RAISE मुळे ६१ उरतात, SALET ला ३.४२१ लागतात, हे सगळे दशांशापर्यंतचे आकडे त्या ओळखीवर उभे आहेत. यादी बदला, SALET खाली येऊ शकतो.

मे २०२२ मध्ये एके दिवशी उत्तर होतं HOMER. बेसबॉलमधला होम रन. अमेरिकेबाहेर लोकांनी डोक्याला हात लावला. केंब्रिज डिक्शनरीवर इतक्या जणांनी हा शब्द शोधला की तो त्यांचा त्या वर्षीचा शब्द ठरला. मी मराठी माध्यमात शिकलो. इंग्रजी कादंबऱ्यांपेक्षा जास्त इंग्रजी मी एरर मेसेजमध्ये वाचलंय. माझ्या डोक्यातल्या ढिगात HOMER नव्हता, आणि जो शब्द ढिगातच नाही तो कुठल्याही वाट्यात पडत नाही. मी माझ्या ढिगाचे कितीही सारखे वाटे पाडले तरी शेवटी हातात रिकामा वाटा येणार. बॉट अशा वेळी माझं कौशल्य कमी धरतो. खरं तर मी विचारलेले प्रश्न माझ्या माहितीप्रमाणे ठीक होते. कमी पडला तो ढीग. सँडरसन यांनी त्यांच्या प्रोग्राममध्ये उत्तरांची यादी थेट वापरायचं टाळून, शब्द लिखाणात किती वेळा येतो त्यावरून त्याला वजन दिलं होतं. हे मला जास्त प्रामाणिक वाटतं. माणूस तसाच खेळतो: PATCH असेल, WATCH असेल, आणि LATCH? असेलही बुवा. वजन वेगवेगळं असेल तर वाटे शब्द मोजून नाही, वजन करून सारखे करावे लागतात.

आणि मग मराठी. हा खेळ मराठीत आणायचा म्हटलं की ही वाट्यांची गोष्ट एकदम टोकदार होते. इंग्रजीत २६ अक्षरं. एका ओळीत तुम्ही त्यातली पाच तपासता. मराठीत घर कशाला म्हणायचं? ‘कविता’ चे तीन घर केले: क, वि, ता. आता अशी किती वेगवेगळी अक्षरं घरात बसू शकतात? चौतीस व्यंजनं गुणिले बारा स्वर धरा, जोडाक्षरं सोडूनच चारशेच्या वर. आणि एका ओळीत तुम्ही तपासता तीन. उत्तर ‘कविता’ असताना कुणी ‘कापूस’ टाकलं आणि ‘का’ म्हणजे ‘क’ नव्हे या न्यायाने तिन्ही घरं राखाडी केली, तर खेळाने जवळजवळ काहीच सांगितलं नाही. बहुतेक शब्दांना बहुतेक अंदाजांवर तीन राखाडीच येणार. ढीग जसाच्या तसा, एकच वाटा. शब्द कितीही हुशारीने निवडा, नियमच वाटे पाडू देत नाहीत.

उलट बाजूने संगणकाला विचारलं तर तो युनिकोडप्रमाणे तोडेल: क, व, ि, त, ा. घरं पाच झाली, पण वेलांटी एकटी एका घरात बसलेली बघवत नाही, आणि ‘क्ष’ चे तर तीन तुकडे होतात: क, हलन्त, ष. वाटे छान पडतील, पण तो शब्द कुणी मराठी माणूस तसा वाचत नाही.

मधला रस्ता चौथ्या रंगाचा. घर अक्षराचंच ठेवायचं, पण व्यंजन जुळलं आणि मात्रा जुळली नाही तर त्याला वेगळा रंग द्यायचा. ‘कविता’ साठी कुणी ‘कवच’ टाकलं: क हिरवा, व ला हा नवा रंग, च राखाडी. तीन घरं आणि तीन रंग म्हणजे २७ तऱ्हा. चौथा रंग आला की ६४. पण खरा फायदा तऱ्हा वाढण्यात नाही. आधीच्या २७ पैकी बहुतेक रिकाम्याच राहायच्या. आता ‘क’ टाकला की का, कि, की, कु सगळे एकदम हलतात आणि तो एकमेव अवाढव्य वाटा फुटतो. मी घरच्या शब्दकोशातून काही शेकडा तीन अक्षरी शब्द टाइप करून एका रविवारी दोन्ही नियमांनी वाटे पाडून बघितले. चौथ्या रंगाशिवाय ‘तीन राखाडी’ चा वाटा जवळजवळ सगळाच्या सगळा ढीग असतो. चौथ्या रंगानंतर पहिल्या शब्दाची निवड पहिल्यांदाच महत्त्वाची वाटायला लागते, आणि र, त, न, स, व असलेले शब्द वर येतात. फक्त एक प्रश्न अजून सुटलेला नाही: ‘प्रवास’ मधल्या ‘प्र’ ला ‘प’ टाकणाऱ्याने जुळवलं म्हणायचं की ‘र’ टाकणाऱ्याने?